तीन आठवड्यांचा तक्ता आणि सोबतचे टिपण: कोणती तारीख हलते, कोणती हलत नाही

आमच्या कार्यालयातून दर शनिवारी आपल्या साइटवर पुढच्या तीन आठवड्यांच्या कामाचा तक्ता येतो आणि त्याला जोडून दीड-दोन पानांचे टिपण असते. तक्ता भिंतीवर लागतो, टिपण बहुतेक वेळा फाइलमध्ये जाते. सेंटरिंगवाले, फिटर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर या सगळ्यांनी टिपणही वाचावे यासाठी हे पत्रक आहे. मुख्य ठेकेदारांनी ते आपल्या प्रत्येक पोटठेकेदाराला द्यावे, ही विनंती.

तक्त्यातली पट्टी काम कधी करायचे ते सांगते. ते त्याच दिवशी का, याचे उत्तर टिपणात असते. ते कळल्याशिवाय तारीख बदलून मागण्यात अर्थ आहे की नाही, हे ठरवता येत नाही. काही तारखा एका फोनवर बदलतात, काही पैसे घातल्यावर बदलतात, आणि काही काँक्रीटच्या वयाशी बांधलेल्या असतात.

नमुन्यासाठी सोलापुरात नेहमी दिसणारी इमारत घेऊ. खाली पार्किंग, वर चार मजले, स्लॅबचे क्षेत्र सुमारे तीन हजार चौरस फूट. स्लॅबचे गाळे साडेचार मीटरच्या आत, बीम साडेपाच मीटरपर्यंत. मे महिना आहे. सिमेंट पीपीसी. सेंटरिंगच्या प्लेटांचा संच एकच. दुसरा स्लॅब, म्हणजे पहिल्या मजल्याचे छत, भरायचा आहे. प्लेटा लागल्या आहेत, लेव्हल तपासली आहे.

पहिला आठवडा: एका स्लॅबवर तिघे

बीमचे लोखंड आणि स्लॅबची खालची जाळी मंगळवारी संध्याकाळपर्यंत पुरी होते. बुधवारी सकाळपासून गुरुवारी दुपारपर्यंतचा वेळ इलेक्ट्रिशियनचा. त्याचे पाइप आणि फॅन बॉक्स खालच्या जाळीनंतर आणि वरच्या सळईच्या आधी बसले पाहिजेत. आधी आला तर त्याचे पाइप जाळीखाली दबतात आणि कव्हर जाते. उशिरा आला तर फिटरने बांधलेल्या वरच्या सळया वाकवून त्याला वाट काढावी लागते, आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून टिपणात त्याच्या ओळीपुढे 'दीड दिवस, पुढे-मागे नाही' असे लिहिलेले असते. प्लंबरचे स्लीव्ह याच बुधवारी बसतात. संडास-बाथरूमच्या संकन भागाचे ड्रॉइंग त्याला त्याआधीच्या शुक्रवारी हातात हवे, कारण बीममधून छिद्र जाणार असेल तर आरसीसी कन्सल्टंटची परवानगी लागते, आणि ती स्लॅबवर उभे राहून मिळत नाही.

गुरुवारी दुपारपासून फिटर वरची सळई आणि चेअर बांधतो. शुक्रवारी दुपारी कन्सल्टंटची तपासणी, शनिवारी पहाटे काँक्रीट. पहाटेच, कारण हवा ४० अंशांच्या वर गेली की काँक्रीट लवकर आवळते आणि कोरड्या वाऱ्याने सेट होण्याआधीच पृष्ठभागावर चिरा पडतात. काँक्रीट सुमारे ५० घनमीटर आहे. साडेपाचला पंप सुरू झाला तर उन्हाचा कडाका वाढण्याआधी भरून होते. मागून फिनिशिंग होईल तसे ओले गोणपाट टाकत जायचे.

या शनिवारला आणखी एक अट आहे, ती पाण्याची. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्याला सांगायला नको. तीन हजार चौरस फुटांवर वाफे करून चार सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर पहिल्या भरणीलाच सुमारे अकरा हजार लिटर लागते, रोजची भर वेगळी. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी टाकी भरलेली नसेल, तर तपासणी झालेली असूनही काँक्रीटची गाडी आम्ही पक्की करत नाही. टाकीची जबाबदारी मुख्य ठेकेदाराची आणि टँकर गुरुवारीच सांगून ठेवायचा, हे टिपणात नावासकट लिहिलेले असते. त्याच टाकीतून गवंड्याने विटा भिजवल्या की स्लॅब कोरडा पडतो. म्हणून या दिवसांत गवंडीकामाला वेगळा बॅरल ठेवा.

दुसरा आठवडा: पाण्यात उभा स्लॅब आणि कॉलम

सोमवारी कॉलमचे मार्किंग, मंगळवार ते गुरुवार कॉलमचे लोखंड आणि पेट्या, शुक्रवारी कॉलमचे काँक्रीट. इथे सेंटरिंगवाले आणि पाणी मारणारा यांचे हमखास वाजते. पाणी उभे असताना मार्किंग दिसत नाही, म्हणून वाफे फोडले जातात. त्यावर आमचा उपाय असा की वाफे करतानाच कॉलमच्या ओळींत मोकळ्या पट्ट्या ठेवाव्यात आणि तेवढा भाग ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. क्युरिंग थांबवायचे नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत ते किमान दहा दिवस हवे आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला चौदा दिवसांपर्यंत नेण्याची शिफारस आहे. आम्ही चौदाच धरतो, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत.

तिसरा आठवडा: गवंड्याचा प्रश्न

आमच्याकडे सर्वांत जास्त फोन या आठवड्याबद्दल येतात, म्हणून इथे जरा थांबू.

तक्त्यात 'दुसऱ्या स्लॅबच्या प्लेटा काढणे: मंगळवार' अशी पट्टी दिसते. ती पाहून गवंडी बुधवारी माणसे घेऊन येतो. टिपणात मात्र पहिल्या मजल्याच्या भिंती चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून लिहिलेल्या असतात. मधले दिवस वाया घालवल्यासारखे त्याला वाटतात आणि त्याचे वाटणे रास्त आहे, कारण मजुरी त्याच्या खिशातून जाते. कारण असे आहे.

साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू चौदा दिवसांनी काढता येतात, असे आयएस ४५६ सांगते. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसीला सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून या नमुन्यात कन्सल्टंटच्या सांगण्यावरून स्लॅबसाठी दहा दिवस घेतले आहेत. शनिवारी भरलेल्या स्लॅबचे दहा दिवस तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी भरतात. पण बीमचे चौदा दिवस त्याच आठवड्याच्या शनिवारी. आणि भिंती येतात बीमखाली! प्लेटा निघाल्या तरी गवंड्याला जिथे वीट ठेवायची आहे, नेमके तिथेच बीमचे टेकू उभे असतात.

टेकू अडचणीचा वाटला म्हणून कोणी एखादा काढून बाजूला ठेवला, तर त्या दिवशी काही दिसत नाही. बीम मध्यभागी किंचित वाकतो, महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या तळाला केसासारखी उभी चीर दिसते आणि प्लास्टर केल्यावर तीच पुन्हा वर येते. ज्या टेकूंना हात लावायचा नाही त्यांना लाल रंगाची पट्टी मारून ठेवा, असे आम्ही टिपणात लिहितो.

मग गवंड्याने तिसऱ्या आठवड्यात काय करायचे? त्यासाठी टिपणाच्या शेवटी राखीव कामे दिलेली असतात. या नमुन्यात कुंपणाची भिंत आणि पाण्याच्या भूमिगत टाकीचे आतले प्लास्टर अशी दोन आहेत. त्यांना वरच्या कुठल्याही कामाची वाट पाहावी लागत नाही. पार्किंगमधले काम मात्र राखीवमध्ये धरलेले नाही. दुसऱ्या स्लॅबचा भार त्याच्या टेकूंवरून पहिल्या स्लॅबवर येतो, म्हणून पहिल्या स्लॅबखालचे टेकूही तोवर जागेवर ठेवलेले असतात.

पैसे घालून काय हलते

तिसरा स्लॅब उशिरा होतो, असे मुख्य ठेकेदाराला वाटते. तिसऱ्या स्लॅबचे सेंटरिंग तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी सुरू होते, कारण प्लेटांचा संच एकच आहे आणि तो मंगळवारी मोकळा होतो. ही अडचण साधनाची आहे. भाड्याने दुसरा संच आणला तर कॉलम झाल्याबरोबर, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीच सेंटरिंग सुरू होईल आणि तिसरा स्लॅब चौथ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत भरता येईल. पाचव्या आठवड्याऐवजी चौथा, म्हणजे सुमारे चार-पाच दिवस वाचले.

पण त्या दिवशी दुसऱ्या स्लॅबचे वय अडीच आठवड्यांचे असेल. वरून ओल्या काँक्रीटचा भार येणार असताना त्याच्याखालचे टेकू कन्सल्टंट काढू देणार नाही. ते तिसरा स्लॅब थोडा ताकदीला येईपर्यंत राहतील आणि पहिल्या मजल्याचे गवंडीकाम चौथ्या आठवड्याऐवजी पाचव्याच्या शेवटी किंवा त्याहून पुढे जाईल. त्याच्यामागे भिंतीत झिरी मारणारा इलेक्ट्रिशियन आणि नंतर प्लास्टरही सरकेल. म्हणजे सांगाडा चार-पाच दिवस लवकर आणि आतले काम त्याहून जास्त उशिरा. ज्याला स्लॅबनिहाय हप्ते मिळतात त्याला हे परवडते, ताबा लवकर द्यायचा आहे त्याला परवडत नाही. निर्णय ठेकेदाराचा, पण तो गवंडी आणि इलेक्ट्रिशियनला विचारून व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

टिपणातल्या खुणा आणि तुमच्याकडून हवे ते

प्रत्येक तारखेपुढे एक अक्षर असते. 'ता' म्हणजे तांत्रिक कारण: बीमचे चौदा दिवस, क्युरिंग, इलेक्ट्रिशियनची जागा. ते कन्सल्टंटच्या लेखी सहीशिवाय बदलत नाही. 'सा' म्हणजे साधन: प्लेटांचा संच, पंप, टाकी, माणसे. इथे खर्च करून दिवस वाचतात. 'सो' म्हणजे सोय: कॉलम पूर्वेकडून घ्यायचे की पश्चिमेकडून, अशा गोष्टी. त्या आपसात बोलून बदला आणि आम्हाला कळवा.

पहिल्या आठवड्यात फक्त असे काम येते ज्याच्या सगळ्या अडचणी सुटलेल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यातल्या कामाला अडचण असू शकते, पण ती कोण सोडवणार आणि कोणत्या दिवशी, हे लिहिलेले असलेच पाहिजे. तिसरा आठवडा तुम्हाला आधी कळावे म्हणून असतो, त्यावर अजून माणसे बांधून ठेवू नका. एखादे काम आठवड्यामागून आठवडे तिसऱ्याच रकान्यात दिसत असेल, तर त्याची अडचण कोणाच्याच नावावर नाही असे समजा आणि आम्हाला विचारा.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत तीन गोष्टी कळवा: या आठवड्यात ठरलेले काम पुरे झाले की नाही, नसेल तर नेमके कशामुळे अडले, आणि पुढच्या आठवड्यात किती माणसे येणार. 'जवळपास झाले' असे लिहू नका. जाळी नव्वद टक्के बांधली असेल, तर इलेक्ट्रिशियनसाठी ती बांधलेली नाही. आषाढी वारीला किंवा पेरणीला माणसे गावी जाणार असतील तर तेही तीन आठवडे आधी सांगा. त्याप्रमाणे स्लॅबची तारीख ठरवता येते, माणसे गेल्यावर कळले तर येत नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही साइटवर फिरून तक्ता तपासतो. त्या वेळी प्रत्येक पोटठेकेदाराचा एक माणूस सोबत असावा, आणि तो तारीख कबूल करण्याचा अधिकार असलेला असावा.