घरचं मक्याचं बी उगवत नाही?

"कंपन्या मक्यात टर्मिनेटर जीन घालतात, म्हणून घरचं बी उगवतच नाही, खरं का?"

उगवतं, चांगलं उगवतं. टर्मिनेटर तंत्र बाजारात कधी आलंच नाही. अडचण पुढच्या पिढीत आहे.

बीजोत्पादनात दोन शुद्ध वाण शेजारी लावतात. मादी ओळींचे तुरे पराग सुटण्याआधी उपटतात, म्हणजे त्यांच्या कणसांवर फक्त नराचा पराग पडतो. हे आईबाप स्वतः खुरटे, पण त्यांची पहिली पिढी, म्हणजे बाजारातलं संकरित बी, जोमदार आणि एकसारखी. तिचंच बी राखून पेरलं की गुण विखुरतात: एक ताट उंच, शेजारचं ठेंगणं, तुरे मागेपुढे. संकराचा वाढीव जोमही निम्म्यावर येतो. समजा संकर एकरी 30 क्विंटल देतो आणि आईबाप सरासरी 10, तर घरच्या बियाण्याला साधारण 20. बी राखायचंच असेल तर संमिश्र वाण लावा, म्हणजे अनेक वाणांच्या मिश्रणातून केलेला, बी राखून पेरलं तरी फारसा न घटणारा वाण.