रीच, इम्प्रेशन, एंगेजमेंट: महिन्याचा रिपोर्ट कसा वाचाल?

दुकानाच्या इन्स्टाग्राम-फेसबुक पोस्टचा महिन्याचा रिपोर्ट आम्ही पाठवला की दुकानदारांचा ठरलेला फोन येतो, "साडेनऊ हजार लोकांनी बघितलं म्हणता, मग गिऱ्हाईक कुठंय?" तर आधी हे सांगतो, की तितक्या लोकांनी बघितलेलं नसतं.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तुमचा स्टॉल आहे असं धरा. एकच माणूस पाळण्याकडे जाता-येता चार वेळा समोरून गेला, तर इम्प्रेशन चार, रीच एक. थांबून त्याने भाव विचारला, की ती एंगेजमेंट. मोबाइलवर लाइक, कॉमेंट, शेअर, सेव्ह हे सगळं त्यात येतं. (इन्स्टाग्राम-फेसबुकवर आता बऱ्याच ठिकाणी इम्प्रेशनऐवजी 'व्ह्यूज' दिसतं. तेही माणसं मोजत नाही, किती वेळा दिसलं ते मोजतं.)

आता चादरीच्या दुकानाचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पहिली पोस्ट पैसे लावून बूस्ट केली: इम्प्रेशन ९,६००, रीच २,४००, एंगेजमेंट ६०. इम्प्रेशनला रीचने भागलं की ४ येतात, म्हणजे प्रत्येकाला ती सरासरी चारदा दिसली. यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात. दुसरी पोस्ट बिनपैशाची, मागावर चादर विणतानाचा व्हिडिओ: इम्प्रेशन १,०००, रीच ८००, एंगेजमेंट ५६. रीचच्या हिशेबाने पहिलीला अडीच टक्के प्रतिसाद, दुसरीला सात टक्के. आम्ही दुसरी पोस्ट बूस्ट करायला सांगू.

पहिलीचं काय बिघडलं, ते रोजचे आकडे बघितले की कळतं. इम्प्रेशन वाढत राहतात आणि रीच जागेवरच थांबतो. जाहिरात त्याच त्या लोकांपुढे फिरत असते आणि पैसे मात्र जात राहतात. अशा वेळी फोटो बदलावा, नाहीतर फक्त शहर न ठेवता बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटही भागात घ्यावं.

एक चूक मात्र सर्रास होते, रिपोर्ट करणाऱ्यांकडूनही. रोजचा रीच जोडून महिन्याचा रीच काढतात. सोमवारी बघणारा मंगळवारीही बघतो, आणि बेरजेत तो दोनदा धरला जातो. इम्प्रेशनची बेरीज चालते, रीचची नाही. महिन्याचा रीच हवा असेल तर तारखा निवडून पूर्ण महिन्याचाच आकडा काढावा लागतो. तोही अंदाजी असतो, आणि माणसांपेक्षा खाती मोजतो. एकाची दोन खाती असू शकतात.

एंगेजमेंटमध्येही फसगत होते. पाहुण्यारावळ्यांचे लाइक, "छान", "अभिनंदन" यांनी टक्केवारी फुगते, आणि कॉमेंटला तुम्ही दिलेली उत्तरंही कॉमेंटच्या आकड्यात मिसळतात. म्हणून "डबल बेडची केवढ्याला?" अशा कॉमेंट आम्ही रिपोर्टमध्ये वेगळ्या लिहून देतो.

फोनवर किंवा काउंटरवर आलेली चौकशी यातल्या कुठल्याच आकड्यात येत नाही. गिऱ्हाइकाला "कुठं बघितलं?" एवढं विचारून वहीत टिपून ठेवा आणि महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवा. तो आम्ही रिपोर्टला जोडू.