छोट्या संपादकीय टीमची स्टाइल शीट

स्टाइल शीट म्हणजे एखाद्या अंकात किंवा प्रकाशनात कुठला शब्द कसा लिहायचा याची चालू यादी. हे शुद्धलेखनाचं पुस्तक नव्हे. मराठीत नियम आहेतच, साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये अजून चार आले, असे एकूण अठरा. शीट लागते ती जिथे नियम संपतात तिथे, किंवा नियम असूनही टीममधले चार जण चार तऱ्हेने लिहितात तिथे. खुद्द याच शब्दाचं बघा ना, स्टाइल का स्टाईल?

सुरुवात कोऱ्या कागदावर बसून करू नये, नाहीतर कधीच न येणाऱ्या शब्दांवर तासभर भांडण होतं. समजा चार जणांचा दिवाळी अंक आहे. आधीच्या अंकातले तीन-चार वेगवेगळ्या लेखकांचे लेख घ्यायचे, वाचताना जो शब्द दोन रूपांत दिसेल तो टिपायचा. ट्रिप-ट्रीप, प्राणिसंग्रहालय-प्राणीसंग्रहालय, आईवडील-आई-वडील असं बरंच निघतं. मग एका स्प्रेडशीटमध्ये चार रकाने: आपलं रूप, नको असलेलं रूप, कारण, तारीख. कारणाचा रकाना लोक गाळतात, आणि सहा महिन्यांनी तोच वाद परत सुरू होतो. ‘प्राणिसंग्रहालय’समोर एवढंच लिहायचं की तत्सम शब्दाचा शेवटचा इकार एकटा असताना दीर्घ, पण समासात आधी आला की, मूळचा ऱ्हस्व असेल तर, ऱ्हस्वच, म्हणून कवी पण कविसंमेलन. इंग्रजी शब्दांना उच्चार पाहून ठरवलं तर टीम दीर्घ आणि ट्रिप ऱ्हस्व, असा एक नियम लिहिला की पन्नास शब्द आपोआप सुटतात.

सगळ्यात फसवं प्रकरण ‘ॲप’चं. हा शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो: एक ॲ हे स्वतंत्र अक्षर, `U+0972`, आणि दुसरं अ वर चंद्र, म्हणजे `U+0905` आणि `U+0945` मिळून. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण साध्या फाइंडला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे तुम्ही ‘ॲप’ शोधून सगळे बदलले असं समजता आणि निम्मे तसेच राहतात. एका लेखात शोध कमी आकडा दाखवतोय पण पानावर शब्द जास्त दिसतायत, असं झालं की हेच समजायचं. म्हणून शीटमध्ये कुठला कोड ते लिहावं, आणि लेख हातात आला की पहिल्यांदा तेवढं एक बदलून घ्यावं.

हायफनला मराठीत लोक फार उदार आहेत. सोपी पद्धत अशी, की दोन वेगळ्या गोष्टी शेजारी असतील तर हायफन (पुणे-मुंबई, विद्यार्थी-पालक), एक झालेला शब्द असेल तर जोडून (आईवडील), आणि हळूहळू, चिरीमिरी असल्या शब्दांना कधीच नाही. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाचा हायफन तसाच मधे येतो, ‘महा-राष्ट्र’ असा, तो वेगळा शोधून काढावा लागतो.

कॅपिटल-स्मॉलची भानगड देवनागरीत नाही, पण तिची जागा आद्याक्षरांनी घेतलीय. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे, पुल... टिंब कुठे, स्पेस कुठे? पीएच.डी. का पीएचडी? एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. स्पेस ठेवली तर ओळ तुटताना ‘पु.’ वर आणि ‘ल.’ खाली जाऊ नये म्हणून वर्डमध्ये तिथे `Ctrl+Shift+Space` द्यायचं. रोमन लिपीत राहणारे वेबपत्ते मात्र जसेच्या तसे, कारण डोमेनच्या नावात अक्षर मोठं-छोटं झालं तरी चालतं, त्यापुढच्या स्लॅशनंतर कधीकधी चालत नाही.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट, सरसकट रिप्लेस. शीटमध्ये कवि नको, कवी हवं असं लिहिलंय म्हणून रिप्लेस ऑल दाबलं की ‘कविता’ची ‘कवीता’ होते आणि बरोबर असलेलं कविसंमेलनही कवीसंमेलन होऊन बसतं. आमच्याकडे हे एकदा थेट छपाईच्या आदल्या रात्री झालं, पहाटेपर्यंत कविता दुरुस्त करत बसलो होतो. एकेक बघूनच बदलायचं.

शीटच्या वरच एक ओळ लिहून ठेवावी: उद्धृतं, जुन्या कागदपत्रांतला मजकूर आणि माणसांची नावं यांना हात लावायचा नाही. जुन्या पत्रात ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असं अनुस्वारासकट असेल तर तसंच, आडनाव ज्याचं त्याने लिहिलं असेल तसंच. आणि कथेतला संवाद ‘असं केलं’ असाच राहू द्यावा, निवेदनात ‘असे केले’ ठरलेलं असलं तरी, महामंडळाच्या नियमांतही पात्राच्या तोंडच्या भाषेला ही मुभा आहे. नवा शब्द आला तर शीटमध्ये भर घालायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, नाहीतर शीटच्याच दोन आवृत्त्या तयार होतात.