फोकस चुकला, की फूल हललं?

फोनवर काढलेला फुलाचा फोटो धूसर आला की आपण सरसकट म्हणतो, "फोकस गेला." पण पुष्कळदा फोकस बरोबर असतो आणि फूल वाऱ्याने हललेलं असतं. दोन्ही फोटो लहान पडद्यावर सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत.

फोटो मोठा करून आधी फुलावरचा एखादा चमकता ठिपका शोधा. दवाचा थेंब चालेल, मधमाशीचा डोळाही चालेल. फोकस चुकला असेल तर तो ठिपका सगळीकडे सारखा पसरून गोल डाग होतो. फूल हललं असेल तर त्याची एका दिशेला ओढलेली रेघ होते. मागचं पानही त्याच दिशेने ओढलेलं असेल, तर हलला तो आपला हात.

फोकस चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फार जवळ जाणं. फोनच्या मुख्य लेन्सला साधारण 10 ते 20 सेंटिमीटरच्या आत फोकस जमत नाही. काही फोनना याहूनही जास्त अंतर लागतं. मग ती मागचं पान पकडते. थोडं मागे सरा, फूल स्पष्ट झालं की 2x करा. मॅक्रो मोडमध्ये बरेच फोन रुंद लेन्सवर जातात. ती काही सेंटिमीटरपर्यंत चालते खरी, पण फोनची सावली फुलावर पडते, मधमाशी उडते आणि मागचा सगळा पसारा चौकटीत येतो. मला कीटकांसाठी मागे सरणंच बरं वाटतं.

आता वारा. समजा लांब देठाचं कॉसमॉसचं फूल सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने डोलतंय आणि शटर 1/50 सेकंद उघडं आहे. तेवढ्यात फूल 2 मिलिमीटर सरकतं. चौकटीत 6 सेंटिमीटर रुंदी मावत असेल आणि फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल, तर ही रेघ सुमारे 133 पिक्सेलची झाली. 1/1000 ला ती 7 पिक्सेलच्या आत येते. शटरचा वेग हाताने ठरवायचा प्रो मोड नसेल तर फूल उन्हात असताना काढा. उजेड भरपूर असला की फोन आपणच शटरचा वेग वाढवतो.

गोंधळ होतो तो फूल आपल्याकडे आणि आपल्यापासून लांब असं डोलतं तेव्हा. शटर कितीही वेगवान असलं तरी फूल फोकसच्या पट्ट्यातून बाहेर गेलेलं असतं, म्हणजे वाऱ्यामुळेच फोकस चुकतो. अशा वेळी बाजूला जाऊन उभं राहा, म्हणजे फूल डावी-उजवीकडे डोलेल आणि अंतर फारसं बदलणार नाही. झोक्याच्या टोकाला ते क्षणभर थांबतं, तिथे बर्स्टमधली, म्हणजे सलग भराभर काढलेल्या फोटोंमधली, एखादी फ्रेम हमखास सापडते. जागा बदलताना मागे काय येतंय तेही बघा: दूरची सावली आली तर फोकस तिकडे पळत नाही, आणि मधमाशीच्या मिशा त्या काळोखावर एकेक मोजता येतात.