डॉट इन, डॉट कॉम की नवं शेपूट? दुकानाच्या वेबसाइटचं नाव घेताना अर्ज नेमका कुठे अडतो

वेबसाइटचं नाव घेणं पाच मिनिटांचं काम आहे असं सगळेच सांगतात, आणि पैसे भरेपर्यंत ते खरंही असतं. पुढची गंमत नंतर सुरू होते. पाटी रंगवून झालेली असते, कार्डं छापून आलेली असतात, आणि एका सकाळी साइट उघडत नाही. लहान दुकानदारांना नावं नोंदवून द्यायचं काम मी करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना नवं नाव नको असतं, अडकलेलं सोडवून हवं असतं. म्हणून नेहमीच्या पायऱ्या भराभर सांगतो आणि अडतं तिथे थांबतो.

आधी पात्रता, कारण तिथेच गैरसमज जास्त. डॉट कॉमला कागद लागत नाही. नाव, पत्ता, ईमेल आणि फोन दिला की झालं. डॉट इन कुणालाही मिळतं, त्यासाठी कंपनी असावी लागत नाही. डॉट को डॉट इनलाही नाही. ‘को’ म्हणजे कंपनी, मग आपल्याला कसं मिळेल, असं म्हणून लोक उगाच मागे हटतात. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन ही नवी शेपटंही सर्वांना खुली आहेत. अडवलेली आहेत ती डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट बँक डॉट इनसारखी, आणि त्यांच्याशी शिलाईच्या किंवा किराणाच्या दुकानाचा संबंध येत नाही.

डॉट इनची केवायसी

डॉट इनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. डॉट कॉममध्ये आणि यात अर्जदाराच्या दृष्टीने मोठा फरक एकच. इथे नाव घेणाऱ्याची ओळख पटवावी लागते, आणि आपलं नाव झाकून ठेवणारी प्रायव्हसीची सेवा चालत नाही. ज्याच्याकडून नाव विकत घेता तो रजिस्ट्रार केवायसीची लिंक पाठवतो. कागदांची यादी रजिस्ट्रारप्रमाणे थोडी बदलते. व्यक्तीसाठी आधार किंवा पॅन, संस्थेसाठी संस्थेच्या नावाचा कागद, असं तिचं सर्वसाधारण रूप असतं. मुदत त्याच मेलमध्ये लिहिलेली असते. ती मेल ‘प्रमोशन्स’मध्ये जाऊन पडते आणि कुणी उघडतच नाही, हा भाग वेगळा.

आता एक उदाहरण बघा. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी अर्ज भरला. फॉर्ममध्ये ‘Organization’ असा रकाना असतो. त्यांनी साहजिकच तिथे दुकानाचं नाव लिहिलं. मग केवायसीने दुकानाच्या नावाचा कागद मागितला, आणि तो नव्हताच. जीएसटी नाही, कारण उलाढाल तेवढी नाही. शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स म्हणाल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणी करावीच लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची. ती पोच ताईंनी कधी काढली नव्हती. दुकान अकरा वर्षं चालू आहे, गिऱ्हाइकं ओळखतात, पण कागदावर त्या दुकानाचं अस्तित्वच नाही.

त्यांनी आपलं आधार जोडून पाठवलं. परत आलं: नाव जुळत नाही. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सोबत पॅनही जोडलं. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं. आता तीन नावं झाली आणि एकही दुसऱ्याशी जुळेना. पत्त्यातही तेच. अर्जात भाड्याच्या गाळ्याचा पत्ता, आधारवर घरचा.

उपाय साधा आहे, फक्त तो पैसे भरायच्या आधी करायचा असतो. एकट्याच्या मालकीचं दुकान कायद्याने मालकापासून वेगळं नसतं. तेव्हा ‘Organization’चा रकाना रिकामा सोडा. नावाच्या रकान्यात आपलं नाव लिहा, आणि तेही ज्या एका कागदाने ओळख पटवणार आहात त्यावर जसं आहे तसं, अक्षराला अक्षर. पत्ताही त्याच कागदावरचा. गाळ्याचा पत्ता वेबसाइटवर टाकायचा, अर्जात नाही. एक कागद पुरत असेल तर दुसरा जोडू नका. जास्त पुरावा दिला की काम लवकर होतं ही आपली सरकारी कचेऱ्यांतली सवय, आणि इथे ती उलटी पडते.

दुकानाच्याच नावावर हवं असेल तर आधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती फुकट असते, किरकोळ विक्रेत्यांनाही मिळते, आणि प्रमाणपत्रावर दुकानाचं नाव येतं. मात्र अर्जात लिहिणार तेच स्पेलिंग तिथेही द्या. रजिस्ट्रार हा कागद धरतो का, हे त्याला पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या.

डॉट कॉमची पंधरा दिवसांची मेल

डॉट कॉमला कागद नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि इथली मुदत चुकते. जगभरच्या वेबसाइट-नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाने नाव नोंदल्यावर अर्जदाराचा संपर्क पडताळावा लागतो. बहुतेक रजिस्ट्रार त्यासाठी ईमेलवर एक लिंक पाठवतात. पंधरा दिवसांत ती दाबली नाही, तर नाव थांबवलं जातं. नव्या शेपटांनाही हाच नियम आहे. नाव वर्षभरासाठी घेतलंय, घाई कसली, असं लोक समजतात. वर्षाची मुदत पैशांची आहे. पंधरा दिवसांची मुदत तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवण्याची आहे. पुढे कधी ईमेल किंवा नाव बदललंत तर पडताळणी पुन्हा होऊ शकते, तेव्हाही तेच.

साइट बंद पडली आणि कारण कळत नसेल, तर डॉट कॉम व नव्या शेपटांसाठी lookup.icann.org वर, आणि डॉट इनसाठी निक्सीच्या registry.in वरच्या शोधात नाव टाकून पाहा. खाली अशी एखादी ओळ दिसेल:

```
Domain Status: clientHold
```

clientHold म्हणजे रजिस्ट्रारने थांबवलंय, त्यामुळे त्याच्याकडेच जायचं. पडताळणीची मेल राहिलेली असणं हे याचं नेहमीचं कारण. serverHold दिसलं तर थांबवणारी रजिस्ट्री आहे, म्हणजे त्या शेपटाचा कारभार पाहणारी संस्था, डॉट इनच्या बाबतीत निक्सी. अशा वेळी साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या होस्टिंगवाल्याला फोन करून काही उपयोग नसतो, त्याच्या हातात काहीच नाही. यांपैकी काहीच नसेल, तर मग खुशाल होस्टिंगवाल्याच्या मागे लागा.

नव्या शेपटाचं दुसरं वर्ष

ताईंनी पहिल्यांदा विचारलं होतं ते डॉट स्टोअरबद्दल. ९९ रुपयांत मिळत होतं आणि डॉट इनपेक्षा स्वस्त दिसत होतं. ही किंमत पहिल्या वर्षाची असते. नूतनीकरणाची किंमत त्याच पानावर असते, पण बारीक अक्षरात, नाहीतर बास्केटमध्ये शिरल्यावर. ती काही हजारांत जाऊ शकते, आणि वर जीएसटी. समजा ती ३,५०० आहे. पाच वर्षांचे झाले ९९ अधिक चार वेळा ३,५००, म्हणजे १४,०९९. तेच नाव दुसऱ्या शेपटात ८०० रुपये दराने पाच वर्षं घेतलं तर ४,०००. आकडे उदाहरणाचे आहेत, पण बेरीज कायम अशीच करायची: पाच वर्षांची, नूतनीकरणाच्या दराने.

यामागचं कारणही बघा. डॉट कॉमची घाऊक किंमत किती वाढवायची याला तिची रजिस्ट्री असलेल्या वेरिसाइन कंपनीच्या करारात मर्यादा आहे: सहा वर्षांच्या टप्प्यात शेवटच्या चार वर्षांतच, आणि वर्षाला जास्तीत जास्त ७ टक्के. नव्या शेपटांना अशी मर्यादा नाही. रजिस्ट्रीने दरवाढीची सूचना १८० दिवस आधी रजिस्ट्रारला द्यायची, एवढंच बंधन. जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत आधीच नूतनीकरण करून ठेवता येतं, पण त्यासाठी ती सूचना तुमच्यापर्यंत पोचायला हवी. काही नावं ‘प्रीमियम’ असतात. त्यांचा चढा दर कधी एकदाच भरायचा असतो, कधी दर वर्षी. कुठला ते खरेदीआधीच विचारा.

डॉट स्टोअर लिहिलं की गूगल दुकान म्हणून वर दाखवतं, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. शेपटातल्या शब्दाला शोधात वेगळं महत्त्व देत नाही, हे गूगलने स्वतःच सांगितलंय. डॉट इनमुळे मात्र साइट भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे हे कळतं. डॉट भारतही घेता येतं, देवनागरीत नाव छान दिसतं. पण त्या पत्त्यावरचा ईमेल पुष्कळ फॉर्म स्वीकारत नाहीत. ते जोडीला घ्या, एकटं नको.

मग डॉट कॉम की डॉट इन

फोनवर नाव सांगून बघा. ऐकणारा सवयीने डॉट कॉमच टाइप करतो. म्हणून डॉट इन घेण्याआधी त्याच नावाच्या डॉट कॉमवर कोण बसलंय ते उघडून पाहा. रिकामं असेल किंवा विकायला लावलेलं असेल, तर चार गिऱ्हाइकं चुकून जातील आणि परत येतील. पण तिथे तुमच्याच धंद्यातलं दुसरं दुकान असेल, तर तुमची ऑर्डर, मापं आणि पत्ते असलेली मेल त्याच्या खोक्यात पडेल. अशा वेळी शेपूट बदलून भागत नाही, नावच बदलायचं. गावाचं नाव जोडलं तरी पुरतं. दोन्ही मोकळी असतील आणि परवडत असतील, तर दोन्ही घ्या आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवा. एकच घ्यायचं असेल आणि गिऱ्हाईक आसपासचंच असेल, तर मी डॉट इन सांगतो, केवायसीचा जाच धरूनही.

ही केवायसी स्वतः करा. साइट बनवणारा मुलगा म्हणतो, ‘काकू, माझं आधार लावतो, पटकन होईल.’ होतंही पटकन. मग नाव त्याचं होतं. दोन वर्षांनी तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागतो, त्याचा नंबर बदलतो, आणि अकरा वर्षांच्या दुकानाचा पत्ता त्याच्या खात्यात राहतो. ते परत मिळवायला त्याची संमती लागते. नाहीतर निक्सीच्या तंटा-निवारणात लवादापुढे जावं लागतं, आणि त्याचा खर्च नावाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

ताईंच्या नावाचं डॉट कॉम विकायला लावलेलं होतं आणि मागितलेली किंमत ऐकून त्या हसल्याच. पहिला अर्ज दुरुस्त करून डॉट इन त्यांच्या आधारवरच्या नावावर, घरच्या पत्त्यावर केलं, तेव्हा केवायसी पहिल्या फटक्यात पार पडली. खातं त्यांच्याच ईमेलवर आहे, पासवर्ड मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर. पॅनवरचं आडनाव अजून माहेरचंच आहे.