मावशीचा फोन जुना केव्हा झाला?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या मावशीने 2022 च्या दिवाळीत जेल रोडवरून नऊ हजारांचा फोन घेतला. परवा तिने तो माझ्या हातात दिला, "अरे, डबासुद्धा जपून ठेवलाय, मग अपडेट का येत नाही?" सेटिंग्जमध्ये Android security update पुढे तारीख होती 2024-01-01.

हिशेब सरळ होता. ते मॉडेल बाजारात आलं जानेवारी 2021 मध्ये, आणि कंपनीने तीन वर्षांचे सुरक्षा अपडेट कबूल केले होते. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण बिल फाडल्यापासून नाही. मावशीच्या वाट्याला जेमतेम सव्वा वर्ष आलं.

पण तीनच वर्षं का? अँड्रॉइड गूगलचं, फोन कंपनीचा, पण कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स चालवणारे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्राम चिप बनवणाऱ्याचे. त्यांचा बराचसा कोड बंदिस्त असतो, फोन कंपनीला तो स्वतः दुरुस्त करता येत नाही. तारखेच्या शेवटी 01 असेल तर त्या महिन्याच्या अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या दुरुस्त्या आल्या, 05 असेल तर कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा आतला थर, आणि चिपच्या भागातल्याही. म्हणजे चिपवाल्याने हात वर केले की फोन कंपनीची अर्धी वाट बंद. त्यातून स्वस्त फोनात बरेचदा आधीच जुनी झालेली चिप असते.

2015 मधल्या फेअरफोन 2 चं हेच झालं. त्यातल्या स्नॅपड्रॅगन 801 या चिपचा पाठिंबा ती बनवणाऱ्या क्वालकॉमने अँड्रॉइड 6 नंतर थांबवला. फेअरफोन या छोट्या डच कंपनीने स्वतः खटपट करून फोन अँड्रॉइड 10 पर्यंत नेला आणि 2023 पर्यंत अपडेट दिले. म्हणजे जमतं, पण मेहनत आणि पैसा लागतो.

आता पैशाचं बघू. समजा, एका मॉडेलचे अपडेट तयार करून तपासायला वर्षाला दोन कोटी लागतात. फोन महाग असो की स्वस्त, हा खर्च फारसा बदलत नाही. दहा लाख फोन विकले गेले तर फोनमागे वर्षाला वीस रुपये, एक लाखच विकले तर दोनशे. ऐंशी हजारांच्या फोनात दोनशे रुपये कुणाला दिसतात? नऊ हजारांच्या फोनात मात्र कंपनीचा नफाच काहीशे रुपयांचा असला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो संपतो. वर स्वस्त फोनांच्या कंपन्या नावं आणि कॅमेरे बदलून डझनभर मॉडेलं काढतात, आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी. हा त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेला खर्च आहे, असं माझं मत.

गूगलने स्वतःच्या पिक्सेल 8 या फोनला 2023 मध्ये सात वर्षांचे अपडेट कबूल केले. त्यातली चिप त्यांची स्वतःची, मॉडेलंही मोजकी.

नवा फोन बघायला मावशीला घेऊन पुन्हा जेल रोडला गेलो. "हे मॉडेल कधी आलं?" असं विचारल्यावर दुकानदाराने रॅम सांगितली. मग कंपनीच्या वेबसाइटवर तारीख शोधली, आणि त्या दिवशी मावशी रिकाम्या हातानेच घरी आली.