मॅक्स न मारता मॅक्स काढायचा कसा

कबड्डीचा सीझन जवळ आला की लालबाग-परळपासून पार कांजूरपर्यंतच्या जिममध्ये एक सीन हमखास दिसतो. टीमची पोरं स्क्वॉटच्या रॅकभोवती जमलेली, बारवर प्लेट्सवर प्लेट्स चढतायत आणि मागून कोणीतरी ओरडतंय, "मार रे, एक तरी काढ!" खरी ताकद एकदाच जास्तीत जास्त वजन उचलून, म्हणजे वन रेप मॅक्स मारूनच कळते, असा पक्का समज आहे. पण बारा पोरांच्या टीमसाठी, ज्यातली निम्मी दिवसभर काम करून संध्याकाळी ट्रेनला लटकून आलीत, त्याची गरजच नाही. हलक्या वजनावरून तो आकडा काढता येतो, आणि का काढता येतो ते मला फार सुंदर वाटतं, म्हणून आधी तेच सांगतो.

स्नायूतले तंतू गटागटाने काम करतात आणि एकेका गटाला मज्जारज्जूतून निघालेली एक नस चालवते, या जोडीला मोटर युनिट म्हणतात. एलवूड हेनेमन या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ही युनिट्स ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात, आधी लहान, मग गरज वाढेल तशी मोठी. आता समजा तुमच्या कॉर्नरच्या डिफेंडरने १०० किलोचा स्क्वॉट मारायला घेतला. पहिल्या रेपला हातात अजून बरीच ताकद शिल्लक असते. पण प्रत्येक रेपबरोबर चालू तंतूंमध्ये फॉस्फेट साचत जातं, तंतूंची पकड ढिली पडते (एकट्या लॅक्टिक ॲसिडला दोषी धरायची जुनी सवय आता सोडायला हवी), आणि तूट भरून काढायला शरीर उरलेली मोठी युनिट्सही कामाला लावतं. पाचव्या रेपला जवळजवळ सगळी लागलेली असतात, बार कसाबसा वर येतो, आणि सहावा येणारच नाही.

म्हणजे काय झालं? पाचव्या रेपच्या क्षणी, त्या थकलेल्या अवस्थेत, त्याचा मॅक्स १०० किलोच होता! ताजातवाना असताना तो जास्त होता, आधीच्या चार रेप्सनी तो खाली आणला. आता एका रेपने मॅक्स किती उतरतो एवढं कळलं की उलटा हिशोब करता येतो.

मॅट ब्रिझिकीने १९९३ मध्ये दिलेला फॉर्म्युला नेमका हेच करतो. उचललेलं वजन गुणिले ३६, भागिले (३७ वजा रेप्स). बीजगणित उलगडून पाहिलं तर त्यात गृहीत धरलंय की प्रत्येक रेप मूळ मॅक्सचा छत्तिसावा भाग, म्हणजे साधारण २.८ टक्के, खाऊन टाकतो. आपल्या डिफेंडरचे चार रेप म्हणजे ११ टक्के उतार, राहिले ८९ टक्के, आणि ते १०० किलो असतील तर पूर्ण मॅक्स ११२.५ किलो. दुसरा प्रसिद्ध फॉर्म्युला बॉइड एप्लीचा, वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०), तो इथे ११६.७ देतो. चार किलोचा फरक आहे, त्यामुळे ॲपवर ११६.७ दिसलं तरी त्या पॉइंट सातवर जीव टाकू नका, तिथे दशांशाला काही अर्थ नाही. टीमसाठी मी खालचा आकडा धरतो.

मात्र हे २.८ टक्के सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. चिवट, दमसासवाल्या पोराचा मॅक्स एकेका रेपने कमी उतरतो, स्फोटक पोराचा जास्त. रेप्स कमी असतील तोवर ही चूक लहान राहते, पण वाढल्या की फुगत जाते. आता टीममधला बारीक रेडर घ्या, त्याने ६० किलोचे १५ मारले. ब्रिझिकी म्हणतो ९८, एप्ली म्हणतो ९०. नीट विश्रांती देऊन वजन वाढवलं तर ७५ किलोचे पाचच निघाले, म्हणजे मॅक्स साधारण ८४! पंधराव्या रेपला त्याची दमछाक मोजली गेली, ताकद नाही.

म्हणून टेस्ट ३ ते ६ रेप्समध्ये संपेल असं वजन निवडायचं. रिकामा बार, मग ५० चे पाच, ७० चे तीन, ८५ चे दोन, तीन-चार मिनिटं थांबून १०० वर खरा सेट (रेडरसाठी हे सगळं हलकं). आठच्या पुढे गेला तर थांबवा, विश्रांती द्या आणि वजन वाढवा. खोली कमी झालेला रेप मोजायचा नाही आणि स्पॉटरचा हात लागला तर तोही नाही. बार खरंच २० किलोचा आहे का ते आधी वजनकाट्यावर बघा, कारण कित्येक जिममधले बार हलके असतात. आणि पोरगा म्हणाला "अजून दोन निघाले असते", तर ते दोन रेप्समध्ये मिळवायचे. १०० चे पाच अधिक दोन म्हणजे सात धरले तर मॅक्स १२० येतो. पण नवख्या पोराला शिल्लक किती हे नीट ओळखता येत नाही, त्याचं बोलणं नाही, बारचा वेग बघा.

आता सेशन. ठरलं, मॅक्सच्या ७५ टक्क्यांवर पाच रेप्सचे चार सेट. डिफेंडरला ११२.५ चे ७५ टक्के म्हणजे ८४.४, लहान प्लेट्स सव्वा किलोच्या म्हणून वजन अडीचच्या टप्प्याने चढतं, तर ८५. रेडरला ८४ वरून ६२.५. त्याला पंधरा रेप्सच्या टेस्टवर ९८ धरून दिलं असतं तर ७२.५ आले असते, त्याच्या खऱ्या मॅक्सच्या ८६ टक्के, आणि पाचव्या रेपनंतर जेमतेम एक शिल्लक. दोनच रॅक असतील तर जड वजनाची सहा पोरं एकीकडे, हलक्यांची सहा दुसरीकडे, म्हणजे प्लेट्स फार बदलाव्या लागत नाहीत. एकाचा सेट आणि प्लेट बदलणं मिळून चाळीस सेकंद धरले तर प्रत्येकाची पाळी चार मिनिटांनी येते, विश्रांतीचा हिशोब आपोआप बसतो.

आकडा बरोबर होता का हे पहिल्याच सेटमध्ये कळतं. त्याच फॉर्म्युल्याने ७५ टक्क्यांवर साधारण दहा रेप्स निघतात, म्हणजे पाच मारल्यावर पाच शिल्लक हवेत, पाचवा रेपही पहिल्यासारखाच झटकन वर यायला हवा. तो चौथ्यालाच अडखळला तर त्याला लिंबू-मिरची किंवा आणखी एक डबा पावडर द्यायची गरज नाही, अंदाज जास्त लागलाय किंवा पोरगं नाइट शिफ्ट करून न झोपता आलंय. दोन्ही वेळी उपाय एकच, बारवरून पाच किलो उतरवा आणि उरलेले तीन सेट त्यावर करा. पुढच्या सेशनलाही तसंच झालं तर वहीतला मॅक्स खाली आणा. उलट तीन आठवडे लागोपाठ शेवटच्या सेटचा शेवटचा रेपही उडत वर येत असेल तर पुन्हा टेस्ट घ्या, आणि ती पाच रेप्सचीच घ्या, कारण पाचावर मोजून पाचावरच काम दिलं तर मधल्या मॅक्सच्या अंदाजात झालेली चूक बऱ्याच अंशी कटून जाते.